फवारणीच्या विषबाधेच्या बातम्या: मथळा, स्रोत आणि चौकट यांवरील सादरीकरणासाठी कोणते प्रश्न घ्यावेत?

अंबाझरी

नमस्कार. मी नागपुरात जनसंवाद विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. आमच्या तिघींच्या गटाला पुढच्या महिन्यात वर्गासमोर पंचवीस मिनिटांचे सादरीकरण करायचे आहे. एकाच घटनेतला कोणता भाग वृत्तपत्र पुढे आणते, कोणाला बोलू देते आणि मथळा वाचून वाचकाच्या मनात काय उरते, हा आमचा विषय आहे. उदाहरण म्हणून आम्ही २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेच्या बातम्या निवडल्या आहेत. त्या हंगामात जिल्ह्यात सुमारे ८०० जणांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पुढे राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेले.

कोणत्याही एका वृत्तपत्राला लक्ष्य करायचे नाही, म्हणून आम्ही त्या काळातील बातम्यांच्या धाटणीवर एक नमुना बातमी स्वतः लिहिली आहे. तिच्यात एवढेच आहे: एका शेतमजुराने दुसऱ्याच्या शेतात सलग तीन दिवस कपाशीवर फवारणी केली, तोंडाला फक्त दुपट्टा बांधलेला होता, दुकानातून आणलेली दोन औषधे एकत्र मिसळली होती, तिसऱ्या दिवशी उलट्या आणि अंधारी सुरू झाल्यावर त्याला ग्रामीण रुग्णालयात व तेथून जिल्ह्याच्या ठिकाणी नेले, तेथे त्याचा मृत्यू झाला, त्या तालुक्यातील महिनाभरातला हा चौथा मृत्यू आहे. या मजकुरावर आम्ही चार मथळे केले:

"फवारणी करताना विषबाधा, शेतमजुराचा मृत्यू"
"मास्क न लावता फवारणी, शेतमजुराने जीव गमावला"
"विषारी कीटकनाशकाचा आणखी एक बळी"
"महिन्यात चौथा मृत्यू, तरीही कृषी विभाग सुस्त"

चारही मथळ्यांना मजकुरात काही ना काही आधार आहे. आमच्या मार्गदर्शक मॅडमचे म्हणणे असे पडले की, आम्ही काढलेले प्रश्न ("कोणता मथळा योग्य?", "वृत्तपत्राने पक्षपात केला का?") मत विचारणारे आहेत, तपासणी करणारे नाहीत. तपासता येतील असे प्रश्न कसे मांडावेत, याबद्दल येथील जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुनी_प्रत

मी नागपुरातील एका दैनिकाच्या संपादकीय विभागात बरीच वर्षे होतो आणि त्यांतील बहुतेक काळ जिल्ह्यांची पाने लावण्यात गेला. तुमच्या चार मथळ्यांकडे पाहताना मला पहिला प्रश्न पडतो तो हा: हे मथळे कोणत्या दिवशीचे आहेत? तारखेशिवाय मथळ्याची तपासणी करू नका, असे मी आग्रहाने सांगेन.

पहिल्या दिवशी बातमी कशी तयार होते ते पाहा. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पूर्णवेळ नोकरीत नसतो. त्याला मृत्यूची खबर पोलीस ठाण्यातून किंवा रुग्णालयातून मिळते. पोलिसांनी मर्ग म्हणजे आकस्मिक मृत्यूचे प्रकरण दाखल केलेले असते. त्यात नाव, वय, गाव, वेळ आणि "फवारणी करताना विषबाधा झाल्याचे समजते" एवढी ओळ असते. कोणते औषध, कोणत्या कंपनीचे, किती मात्रेत मिसळले, याची नोंद तेथे सहसा नसते. व्हिसेऱ्याचा रासायनिक विश्लेषण अहवाल यायला पुष्कळ अवधी जातो. अशा स्थितीत कंपनीचे नाव छापणे म्हणजे मानहानीच्या नोटिशीला निमंत्रण देणे, हे डेस्कवरील प्रत्येकाला ठाऊक असते. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या मथळ्यात ज्याचा मृत्यू झाला तो माणूस आणि त्याची कृती दिसते, पदार्थ मात्र "कीटकनाशक" एवढ्याच मोघम शब्दात राहतो. हा कोणाचा कट नसतो. रात्री सातपर्यंत जी माहिती हाती येते, तिचाच तो आकार असतो.

मथळा वार्ताहर देत नाही, उपसंपादक देतो, हेही लक्षात घ्या. डाक आवृत्तीचे पान लवकर सोडायचे असते, बातमी एका कॉलमात बसवायची असते आणि एका कॉलमात एका ओळीत दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त मावत नाहीत. "बळी" हा शब्द एवढा का वापरला जातो, याचे अर्धे उत्तर त्याच्या लांबीत आहे.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न असा असू शकतो: या तारखेला वार्ताहराला कोणते स्रोत उपलब्ध होते, आणि त्यांपैकी कोणते त्याने वापरले? नोव्हेंबरमध्ये जे सर्वांना कळले, त्या मापाने ऑगस्टमधील बातमी मोजली तर निष्कर्ष चुकेल. मात्र तशाच दहा बातम्या येऊन गेल्यावरही अकराव्या बातमीत केवळ मर्गाचीच माहिती असेल, तर ती निवड आहे, आणि तिची विचारणा झालीच पाहिजे.

स्पष्टवक्ता

एवढ्या खोलात जाण्याची आवश्यकता वाटत नाही. हंगामात पाने कोणाच्या जाहिरातींनी भरलेली असतात ते पाहावे, म्हणजे मथळ्याचे उत्तर मिळते. बियाणे आणि कीटकनाशक कंपन्यांच्या जाहिराती घेणारे वृत्तपत्र "मास्क लावला नाही" असेच लिहिणार. चौकट म्हणजे मालकाचे हितसंबंध, इतके ते सरळ आहे.

जुनी_प्रत

जाहिरातींचा दबाव नसतो असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या सूत्राने या बातम्यांचा उलगडा होत नाही. त्याच हंगामात एकाच दैनिकाच्या जिल्हा पानावर "मास्क नाही" आणि पहिल्या पानावर "बळी" असे दोन्ही सूर दिसू शकतात. मालक तर एकच असतो. फरक पडतो तो स्रोतामुळे. जिल्हा पानावरील बातमी कृषी विभागाच्या प्रेसनोटवरून होते, आणि पहिल्या पानावरची बातमी तेव्हा होते जेव्हा नागपूरहून कोणी रुग्णालयात जाऊन खाटेशेजारी उभे राहून बोललेले असते.

दुसरे असे की, अधिकाऱ्यांवर विसंबून राहण्याची सवय जाहिरातींपेक्षा जुनी आणि जास्त सार्वत्रिक आहे. लिऑन सिगल यांनी १९७३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट यांच्या पहिल्या पानांवरील बातम्यांची मोजणी प्रसिद्ध केली. तेथे सुमारे तीन चतुर्थांश स्रोत शासकीय अधिकारी होते, देशातील किंवा परदेशातील. अधिकारी कार्यालयात ठरलेल्या वेळी भेटतो, त्याचे वाक्य छापले तर खुलासा मागण्याची वेळ येत नाही आणि रोज बातमी हवी असणाऱ्याला तो रोज बातमी देतो. शेतमजुराची पत्नी यांपैकी काहीच देऊ शकत नाही. जाहिरातदार नसलेल्या वृत्तपत्रातही ही ओढ तुम्हाला दिसेल.

स्पष्टवक्ता

मोजणीबद्दलचा मुद्दा मान्य आहे. तरीही कंपनीचे नाव महिनोन्महिने येत नाही, याचे सगळे श्रेय मानहानीच्या भीतीला देणे मला पटत नाही. नाव घेतले नाही तरी गट सांगता येतो, घटक रसायनाचे नाव सांगता येते. तेही येत नसेल तर प्रश्न उरतोच.

मुखपृष्ठ

अंबाझरी, सादरीकरणासाठी मथळा आकर्षक हवा असेल तर तो प्रश्नार्थक ठेवा आणि त्यात एक आकडा येऊ द्या. पहिल्या स्लाइडवर मोठा फोटो असला तर वर्गाचे लक्ष टिकून राहते. मी यावर एक तयार आराखडा देऊ शकतो.

अंबाझरी

मुखपृष्ठ, आपण आपुलकीने सुचवलेत, धन्यवाद. पण आम्हाला आमच्या सादरीकरणाचा मथळा सजवायचा नसून छापून आलेल्या मथळ्यांची तपासणी करायची आहे.

जुनी_प्रत सर, तारखेचा मुद्दा आमच्या ध्यानातच आला नव्हता. आता आम्ही बातम्यांचे तीन टप्पे करत आहोत: सुटे मृत्यू नोंदवणाऱ्या बातम्या, प्रकरण राज्यभर गाजू लागल्यावरच्या बातम्या आणि तपास पथकानंतरच्या बातम्या.

वणी_रोड

माझे कृषी सेवा केंद्र आहे, म्हणून थोडे वेगळ्या बाजूने लिहितो. त्या हंगामात आमच्या भागातील दुकानांची तपासणी झाली. माझ्याही दुकानातून नमुने नेले. दुसऱ्या दिवशी एका वृत्तपत्रात "बोगस औषधांच्या विक्रीचा संशय, दुकानांवर छापे" असा मथळा आला आणि खाली आमच्या गावाचे नाव होते. गावात अशी दुकाने मोजकीच, त्यामुळे नाव न छापताही सर्वांना कळले. पुढे माझे नमुने प्रमाणित निघाले. त्याची एक ओळही कोठे आली नाही. तुमच्या प्रश्नांमध्ये याला जागा असावी, असे मला वाटते.

आणखी एक सांगतो, ते आपल्याला कदाचित रुचणार नाही. मास्क लावत नाहीत, हे खरे आहे. मी स्वतः पाहतो. डब्यावरील त्रिकोण लाल आहे की पिवळा, हे पाहून औषध घेणारे गिऱ्हाईक विरळा. दोन औषधे मिसळू नका असे सांगितले तरी मिसळतात, कारण एकाच फेरीत मावा, तुडतुडे आणि अळी सर्वांचा बंदोबस्त हवा असतो. दोनदा फवारायचे तर मजुरी दुप्पट लागते. मग "मास्क न लावता फवारणी" हा मथळा चुकीचा कसा? जे घडले तेच लिहिले आहे.

संशोधन_वही

वणी_रोड यांनी या धाग्यातला सर्वांत कठीण प्रश्न विचारला आहे. त्यामुळे त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

तो मथळा खोटा नाही. म्हणूनच "मथळा खरा की खोटा" हा प्रश्न येथे उपयोगाचा नाही. रॉबर्ट एन्टमन यांनी १९९३ च्या आपल्या लेखात चौकटीची चार कामे सांगितली आहेत: अडचण कोणती हे ठरवणे, तिचे कारण दाखवणे, दोष कोणाचा याचा निवाडा सुचवणे आणि उपाय पुढे करणे. आता अंबाझरी यांचा दुसरा मथळा घ्या. अडचण: असुरक्षित फवारणी. कारण: मास्क नसणे. दोष: फवारणाऱ्याचा. उपाय: मास्क वाटप आणि जनजागृती. मथळ्यात उपायाचा एकही शब्द नाही, तरी वाचक तेथवर आपोआप पोहोचतो. चौथ्या मथळ्यात अडचण म्हणजे वारंवार होणारे मृत्यू, कारण म्हणजे यंत्रणेची निष्क्रियता आणि उपाय म्हणजे तपासणी व कारवाई. दोन्ही मथळ्यांखालचा मजकूर एकच आहे.

"मास्क न लावता फवारणी" या शब्दांनंतर येणारा स्वल्पविराम नीट पाहा. मराठी मथळ्यांची ही फार रुळलेली रचना आहे: एक वस्तुस्थिती, स्वल्पविराम, दुसरी वस्तुस्थिती. "त्यामुळे" हा शब्द कोठेही नसतो, तरी वाचक तो मनातल्या मनात घालतो. उपसंपादकाला कार्यकारणाचे विधान करावे लागत नाही, ते विधान वाचकाकडून होते. फवारलेले औषध मुख्यतः त्वचेतून गेले की श्वासातून, हे ठाऊक नसतानाही केवळ त्या विरामामुळे मास्क हेच कारण ठरते. भिजलेल्या कपड्यांतून आणि उघड्या हातापायांतून औषध शरीरात जात असेल, तर तोंडावरच्या मास्कने ते कसे थांबणार?

म्हणून तपासता येईल असा प्रश्न असा: मथळ्यातील दोन भागांमध्ये कार्यकारण संबंध सुचवला आहे का, आणि त्या संबंधाला मजकुरातील कोणत्या स्रोताचा आधार आहे? वणी_रोड यांनी सांगितलेले मजुरीचे कारण मला फार मोलाचे वाटते, कारण मास्क आणि मिश्रण या दोन्ही गोष्टी ज्यातून उद्भवतात ते अर्थकारण चारपैकी एकाही मथळ्यात नाही.

खाट_क्रमांक

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे आणि विदर्भातील एका शासकीय रुग्णालयात अशा रुग्णांवर उपचार केलेले आहेत. स्रोतांच्या बाबतीत एक माहिती उपयोगी पडेल.

रुग्ण येतो तेव्हा त्याने काय फवारले हे डॉक्टरांनाही ठाऊक नसते. नातेवाइकांनी डबा सोबत आणला तर कळते, अन्यथा लक्षणांवरून अंदाज बांधावा लागतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषध असेल तर अॅट्रोपिनचा उपयोग होतो. इतर अनेक गटांवर असा नेमका उतारा नाही, लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. मिश्रण असेल तर चित्र आणखी धूसर होते. ऑर्गॅनोफॉस्फेटचा परिणाम रक्तातील कोलिनेस्टरेजच्या तपासणीने कळू शकतो, पण ती तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी सहज उपलब्ध नसणे ही तेव्हाची मोठी उणीव होती. सांगण्याचा हेतू असा की, "डॉक्टरांनी सांगितले" असे बातमीत आले तरी डॉक्टरांनी नेमके काय पाहून सांगितले, हे विचारले पाहिजे.

आकड्यांबद्दलही सावध राहा. फवारणीतून झालेली विषबाधा आणि अन्य कारणाने झालेली विषबाधा यांची नोंद एकाच वॉर्डात होते आणि वर्गवारी नातेवाइकांच्या सांगण्यावर अवलंबून असते. एकाच दिवसाच्या दोन बातम्यांत आकडे वेगळे दिसले तर कोणी खोटे बोलत आहे असे लगेच समजू नका. एकाने रुग्णालयाची नोंदवही पाहिलेली असते आणि दुसऱ्याने जिल्हा प्रशासनाची यादी. यवतमाळच्या रुग्णालयातील आकडा आणि संपूर्ण विदर्भातील आकडा यांचीही बातम्यांत सरमिसळ होते.

अंबाझरी

डॉक्टर, हे आम्हाला अन्यथा कधीच कळले नसते. आम्ही आता आकड्याच्या प्रत्येक उल्लेखासमोर "कोणाची नोंद" असा रकाना करत आहोत.

एक अडचण विचारते. आम्ही बातम्यांतील स्रोत मोजायला सुरुवात केली, पण तिघींचे आकडे जुळत नाहीत. एकाच बातमीत मला चार स्रोत दिसले, मैत्रिणीला सहा. "सूत्रांनी सांगितले" हा स्रोत धरायचा का, आणि ज्याचे नाव आहे पण वाक्य नाही, त्याला स्रोत म्हणायचे का?

संशोधन_वही

ही अडचण प्रत्येक आशय विश्लेषणात येते आणि तिच्यावर उपाय आहे. आधी नियम लिहून काढा. माझा सल्ला असा: ज्याला बातमीत एखादे विधान जोडलेले आहे, तो स्रोत. ज्याचा केवळ उल्लेख आहे, तो स्रोत नाही. निनावी सूत्रांचा वेगळा गट. नियम लिहिल्यावर तिघींनी एकमेकींशी न बोलता त्याच वीस बातम्यांची मोजणी करावी आणि मगच ताडून पाहावे. जेथे फरक पडेल तेथे नियम मोघम आहे असे समजून तो सुधारावा. नंतर उरलेल्या बातम्या वाटून घ्याव्यात. हा क्रम मोडला, म्हणजे आधी वाटून घेतल्या आणि मग चर्चा केली, तर तुमच्या तक्त्यातील फरक बातम्यांमुळे आहे की तुमच्यामुळे, हे सांगता येणार नाही.

मथळ्यांच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळा. सर्व मथळे आधी वेगळ्या कागदावर उतरवून घ्या आणि मजकूर न वाचता त्यांची नोंद करा. मजकूर वाचून झाल्यावर मथळ्यात जे नाही तेही डोळ्यांना दिसू लागते.

केवळ संख्या मोजून थांबू नका, क्रमही पाहा. पहिल्या तीन परिच्छेदांत कोण बोलते? अखेरचे वाक्य कोणाचे? उपसंपादक बातमी शेपटीकडून कापतो, त्यामुळे शेवटच्या परिच्छेदात ठेवलेल्या माणसाचे बोलणे दुसऱ्या आवृत्तीत मुळीच आलेले नसू शकते.

जुनी_प्रत

शेपटीबद्दल अगदी बरोबर. त्यात आणखी एका गोष्टीची भर घालतो; ती मोजली तर तुमचे सादरीकरण निराळे ठरेल, असे मला मनापासून वाटते. स्रोताच्या नावापुढचे क्रियापद नोंदवा. आपल्या वृत्तपत्रांत जिल्हा कृषी अधीक्षक "माहिती देतात", जिल्हाधिकारी "स्पष्ट करतात", पोलीस "सांगतात", आणि मृताचा भाऊ मात्र "आरोप करतो". भावाने "दुकानदाराने ही दोन औषधे एकत्र मारायला सांगितली होती" असे म्हटले, तर ते त्याने स्वतः ऐकलेले आहे. अधिकाऱ्याने "मार्गदर्शन शिबिरे घेण्यात आली" असे म्हटले, तर शिबिर किती गावांत झाले हे कोणी पडताळलेले नसते. तरी पहिले विधान आरोप ठरते आणि दुसरे माहिती. मी स्वतः अशा शेकडो बातम्या हातांखालून जाऊ दिल्या, कारण "आरोप केला" लिहिले की जबाबदारी वृत्तपत्रावर येत नाही. ती कायदेशीर खबरदारी आहे, आणि तिची आवश्यकता मी नाकारत नाही. परंतु ती एकाच बाजूला लावली जाते का, हे तुम्ही मोजून दाखवू शकता.

आणि कर्मणी प्रयोगही पाहा. "शिबिरे घेण्यात आली", "किट वाटप करण्यात आले". कोणी, कोठे, कधी? प्रेसनोटची भाषा जशीच्या तशी पानावर उतरली आहे, हे त्यावरूनच ओळखता येते.

वणी_रोड

भावाने दुकानदाराचे नाव घेतले तर दुकानदाराला विचारले पाहिजे, हेही लिहा. बिलावर मी जे दिले ते लिहिलेले असते. शेतात जाऊन त्याने काय मिसळले, हे मला कसे ठाऊक असणार? संशोधन_वही यांनी मजुरीचे लिहिले ते बरोबर आहे. पण माझ्या मूळ म्हणण्याचे उत्तर अजून मिळालेले नाही: माझा नमुना प्रमाणित निघाल्याची बातमी का होत नाही?

जुनी_प्रत

कारण प्रयोगशाळेचा अहवाल आला हे वार्ताहराला कोणी कळवत नाही. छाप्याची प्रेसनोट निघते, नमुना प्रमाणित निघाल्याची निघत नाही. आपण स्वतः अहवालाची प्रत घेऊन गेला असतात तर ती आतील पानावर दोन इंच आली असती, आणि मथळ्याने आपली जी हानी झाली ती त्याने भरून निघाली नसती. याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. अंबाझरी यांनी मात्र हा प्रश्न जरूर घ्यावा: पहिल्या बातमीत ज्याच्यावर संशय दाखवला गेला, त्याची पुढील बातमी आली का, आणि आली तर पानावर कोठे?

अंबाझरी

आता वाचकाच्या बाजूचा प्रश्न. वर्गात आम्हाला कोणीतरी नक्की विचारेल की, मजकूर पूर्ण वाचला तर मथळ्याचा परिणाम नाहीसा होत असेल, मग एवढी चर्चा कशासाठी? याला काय उत्तर द्यावे?

संशोधन_वही

यावर प्रत्यक्ष प्रयोग झालेले आहेत. पर्सी टॅनेनबॉम यांनी १९५३ मध्ये एका विद्यार्थी दैनिकाच्या पानावर खुनाच्या खटल्याची बनावट बातमी वेगवेगळ्या मथळ्यांनी छापून वाचायला दिली. एका मथळ्याचा कल आरोपी दोषी असल्याकडे होता, दुसऱ्याचा निर्दोष असल्याकडे. वाचकांचे मत मथळ्यानुसार बदलले, आणि ज्यांनी बातमी वरवर वाचली त्यांच्यावर परिणाम अधिक झाला. म्हणजे तुमच्या शंकेखोर वर्गमित्राचे म्हणणे अंशतः बरोबर आहे. परंतु उल्रिक एकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, पूर्ण मजकूर वाचलेल्यांच्याही स्मरणावर आणि त्यांनी काढलेल्या अनुमानांवर दिशाभूल करणाऱ्या मथळ्याचा परिणाम राहतो. मथळा आधी वाचला जातो आणि पुढचा मजकूर त्याच्या प्रकाशात लावला जातो, असे त्याचे स्पष्टीकरण आहे.

तुमच्या पहिल्या आणि चौथ्या मथळ्यांतील फरकासाठी शांतो अय्यंगार यांचे १९९१ मधील संशोधन पाहा. ते दूरचित्रवाणीवरील बातम्यांवर आहे. सुटी घटना, एक माणूस, एक प्रसंग अशा रूपात प्रश्न दाखवला की प्रेक्षक जबाबदारी व्यक्तीवर टाकतात, आणि तोच प्रश्न व्यापक पार्श्वभूमीसह दाखवला की समाज व शासन यांच्याकडे बोट जाते. परिणाम सर्व विषयांत सारखा आढळला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगा.

आपल्या वर्गातच छोटा प्रयोग करा. नमुना बातमीच्या चार प्रती, मजकूर तोच, मथळे वेगळे. प्रती मिसळून वाटा, वाचून झाल्यावर परत घ्या, आणि मग दोन प्रश्न विचारा: "हा मृत्यू टाळण्यासाठी सर्वांत आधी कोणी काय करायला हवे होते?" आणि "बातमीतील तीन गोष्टी आठवून लिहा." "दोष कोणाचा?" असे थेट विचारू नका, कारण त्या प्रश्नातच दोषी शोधण्याची चौकट आहे. दोन औषधांच्या मिश्रणाची आठवण कोणत्या गटाला राहते, हे मला स्वतःला जाणून घ्यायला आवडेल.

खाट_क्रमांक

प्रयोगाला माझी हरकत आहे. जनसंवादाच्या वर्गाला तुम्ही कशावर बोलणार आहात हे आधीच ठाऊक असेल. ते मथळा संशयानेच वाचतील. शिवाय चाळीस विद्यार्थ्यांचे चार गट केले तर प्रत्येक गटात दहाच जण. त्यावरून काहीही सिद्ध होणार नाही.

संशोधन_वही

सिद्ध होणार नाही, हे मान्य. दुसऱ्या विभागाच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केला आणि मथळे चारऐवजी दोनच ठेवले तर थोडा अर्थ येईल. तरीही तो पुरावा म्हणून नव्हे, पद्धतीचे प्रात्यक्षिक म्हणूनच दाखवावा.

स्पष्टवक्ता

माझा रसायनाच्या नावाचा प्रश्न अजून तसाच आहे. बातमीत घटक रसायनाचे नाव पहिल्यांदा कोणत्या तारखेला आले आणि ते कोणत्या स्रोताकडून आले, हे तुम्ही शोधू शकाल का? ते मृत्यूनंतर लगेच डॉक्टरांकडून आले असेल तर जुनी_प्रत यांचे मानहानीचे स्पष्टीकरण लंगडे पडते. बंदीच्या आदेशानंतरच आले असेल तर त्यांचे म्हणणे बळकट होते. माझे मत काहीही असो, उत्तर तारखेतूनच मिळेल.

जुनी_प्रत

हा प्रश्न उत्तम आहे, आणि त्याचे उत्तर काय येईल हे मी आता सांगू शकत नाही.

अंबाझरी

सर्वांच्या सूचनांवरून आम्ही प्रश्न असे ठरवले आहेत. बातमीच्या तारखेला कोणते स्रोत मिळण्यासारखे होते आणि कोणते घेतले? पहिल्या तीन परिच्छेदांत कोण बोलते आणि कोणापुढे कोणते क्रियापद येते? मथळ्यातील स्वल्पविरामाच्या दोन बाजूंमधील संबंधाला मजकुरात आधार आहे का? आकडा कोणाच्या नोंदीतला आहे? रसायनाचे नाव प्रथम कधी आणि कोणाकडून आले? ज्याच्यावर संशय दाखवला त्याची पुढची बातमी आली का? प्रयोग करावा की नाही यावर आमच्या गटातच एकमत नाही. मॅडमना विचारून ठरवू.

एक व्यावहारिक शंका राहिली. आमच्याकडे ई-पेपरवरून उतरवलेल्या नागपूर शहर आवृत्तीच्या बातम्या आहेत. त्या पुरतील का?

जुनी_प्रत

पुरणार नाहीत. यवतमाळ जिल्ह्याची आवृत्ती वेगळी निघते आणि सुटे मृत्यू प्रथम तिच्यातच येतात. शहर आवृत्तीत ते दोन ओळींत येतात किंवा येतच नाहीत. केवळ शहर आवृत्ती पाहिली तर "वृत्तपत्रांनी सुरुवातीला दुर्लक्ष केले" असा निष्कर्ष निघेल आणि तो चुकीचा असू शकेल. यवतमाळच्या जिल्हा माहिती कार्यालयात कात्रणांच्या फाइली असतील का, ते पत्र देऊन विचारा आणि तेथील एखाद्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात बांधीव अंक आहेत का तेही पाहा. संकेतस्थळावरील बातम्या घेणार असाल तर त्या वेगळ्या ठेवा, कारण तेथील मथळा नंतर बदलता येतो आणि बदलल्याची खूण राहीलच असे नाही. कात्रण मिळाले की त्यावर आवृत्ती, पान क्रमांक आणि किती कॉलमी मथळा होता, हे तिथल्या तिथे पेन्सिलने लिहून ठेवा. नुसत्या छायाचित्रावरून ते नंतर कळत नाही.